फिल्टर बेड कधी धुवायचा आणि किती जोरात: गॅलरीत नव्याने आलेल्यांसाठी

जलशुद्धीकरण केंद्रात नवीन लागलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात एक वाक्य ऐकायला मिळतं: "बेड भरला की धुवायचा." बेड म्हणजे पाणी गाळणारी वाळूची टाकी. ते वाक्य खरंच आहे. पण भरला हे कशावरून ओळखायचं, आणि धुताना पाणी किती जोरात सोडायचं, हे सहसा कोणी समोर बसवून सांगत नाही. मी ठाणे जिल्ह्यातल्या एका केंद्राच्या फिल्टर गॅलरीत बरीच वर्षं काढली. तिथे मला ज्यांनी शिकवलं त्या जुन्या ऑपरेटर काकांच्या पद्धतीनेच हे लिहितो आहे. भर असेल तो धुण्याच्या वेगावर. बाकीच्या चुका पाण्याच्या नमुन्यात लगेच उघड होतात, पण वेग कमी पडला तर ते महिनोन् महिने कळत नाही.

आपल्या भागाचं पाणी आधी लक्षात घ्या. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला गाळून येतं. ठाण्याचं बरंचसं पाणी भातसेवरच्या पिसे बंधाऱ्यातून आणि उल्हास नदीतून शहाडजवळ उचलून टेमघरला शुद्ध होतं. धरणात साठलेलं पाणी आणि वाहत्या नदीचं पाणी यांचा स्वभाव वेगळा असतो. जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला की नदीचं पाणी एका रात्रीत चहासारखं होतं. पण तुरटी किंवा तिच्याच कामाचं पीएसी टाकून क्लॅरिफायरमध्ये निवळल्यावर जे पाणी वाळूवर येतं, त्याला मात्र सगळीकडे एकच नियम लागू होतो.

वाळूत काय चाललेलं असतं

रॅपिड सँड फिल्टरमध्ये साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर वाळू असते. तिच्याखाली खडीचे थर आणि त्यांच्याखाली पाणी गोळा करणारे पाइप किंवा नोझल असतात. वाळूवर मीटर-सव्वा मीटर पाणी उभं असतं आणि ते ताशी पाचेक मीटर वेगाने खाली उतरतं. निवळणीत न बसलेला बारीक गाळ वाळूच्या कणांना चिकटतो, त्यातला बराचसा वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्येच. जसजशी जागा भरते तसतसं पाण्याला वाट काढायला जास्त दाब खर्च करावा लागतो. या खर्च झालेल्या दाबाला आपण हेड लॉस म्हणतो.

हेड लॉस म्हणजे काय हे काकांनी मला गेजवर दाखवलं नाही, दोन पारदर्शक नळ्यांवर दाखवलं. एक नळी बेडवरच्या पाण्याला जोडलेली, दुसरी फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपला. नुकत्या धुतलेल्या बेडमध्ये दोन्ही नळ्यांतल्या पाण्याच्या पातळीत ३०-४० सेंटिमीटरचा फरक होता. संध्याकाळपर्यंत तो मीटरभर झाला. गेज बिघडतात, त्यांच्या सुया अडकतात, पण या दोन नळ्या खोटं बोलत नाहीत. तुमच्या गॅलरीत गेज असला तरी महिन्यातून एकदा तो नळ्यांशी ताडून पाहा. काही केंद्रांत बाहेरचा व्हॉल्व्ह स्थिर असतो आणि बेडवरच्या पाण्याची पातळीच वाढत जाते. तिथे ती पातळी हाच तुमचा गेज.

धुण्याची वेळ झाली हे तीन गोष्टींवरून कळतं

पहिली खूण हेड लॉस. तो १.८ मीटरच्या आसपास गेला की बेड धुवायला घ्यायचा. २ मीटरच्या पुढे ओढू नये. पण हा आकडा डोळे मिटून लावू नका, कारण तो वाळूवर किती पाणी उभं आहे यावर अवलंबून असतो. गाळ वरच्या थरात साचलेला असतो आणि बहुतेक दाब तिथेच खर्च होतो. हा खर्च वरच्या पाण्याच्या उंचीपेक्षा जास्त झाला की वाळूच्या आत दाब हवेच्या दाबाहून खाली जातो. मग पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि तिचे बुडबुडे वाळूत अडकून वाट आणखी बंद करतात. बेड थांबवल्याबरोबर किंवा धुवायला सुरुवात करताच वाळूतून जागोजागी हवा उफाळून आली, तर तुम्ही उशीर केला होता असं समजा. पुढच्या वेळी तो बेड दीड मीटरलाच धुवायला घ्या.

दुसरी खूण गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० म्हणतं की गढूळपणा १ एनटीयूच्या आत असावा. आम्ही प्रत्येक बेडसाठी ०.७ ही आमची घरची मर्यादा ठेवली होती, म्हणजे १ ला पोचायच्या आत हालचाल करता येते. इथे एक काळजी घ्या. नमुना त्या त्या बेडच्या आउटलेटचा हवा, सगळ्या बेडचं पाणी एकत्र येतं त्या चॅनेलचा नको. आठ बेडपैकी एकातून दोन एनटीयूचं पाणी येत असलं आणि बाकीचे ०.३ वर असले, तर एकत्रित नमुना ०.५ दाखवतो आणि सगळं छान आहे असं वाटतं.

तिसरी खूण तास. हेड लॉस कमी, पाणी स्वच्छ, तरी ४८ तासांच्या वर बेड चालवू नका. आपल्याकडच्या उष्ण हवेत साचलेला गाळ वाळूत कुजायला लागतो आणि घट्ट बसतो. मग नेहमीच्या धुण्याने तो निघत नाही.

तिन्हींपैकी जी खूण आधी येईल तिच्यावर बेड काढायचा. कोणती खूण आधी आली हे लॉगबुकात लिहायचं, कारण तेच निदान असतं. पाणी स्वच्छ आहे पण हेड लॉस आठ-दहा तासांतच वर गेला, तर एक तर वरचा थर शेवाळाने किंवा चिकट गाळाने बुजतो आहे, नाहीतर मागचं धुणं अर्धवट झालं आहे. उलट, हेड लॉस जेमतेम पाऊण मीटर आणि गढूळपणा मात्र वाढतोय, तर आधी तुरटीचा डोस तपासा. डोस कमी पडला की गाळाचे कण वाळूला चिकटतच नाहीत, सरळ आरपार जातात. अशा वेळी बेड दहा वेळा धुतला तरी काही उपयोग होत नाही.

नवीन माणूस दोन ठिकाणी हमखास फसतो. बेड धुऊन पुन्हा चालू केल्यावर पहिली १५ ते ३० मिनिटं पाणी थोडं गढूळच येतं. वाळू पुन्हा 'पिकायला', म्हणजे गाळ नीट धरू लागायला, तेवढा वेळ घेते. ते पाहून घाबरून परत धुऊ नका. दुसरं म्हणजे, सगळ्याच बेडचा गढूळपणा एकदम वाढला तर दोष बेडमध्ये नसतो, तो क्लॅरिफायरमध्ये किंवा डोसिंगमध्ये असतो. आठपैकी एक बेड धुवायला काढला की त्याचं पाणी उरलेल्या सातांवर जातं, म्हणजे प्रत्येकावर १४ टक्के जास्त. त्या धक्क्याने शेजारच्या भरत आलेल्या बेडमधून गाळ सुटू शकतो. म्हणून एका वेळी एकच बेड काढायचा, आणि जो सर्वात जास्त भरला असेल तो आधी.

धुण्याची रीत

आधी वॉश वॉटर टाकीची पातळी बघा. अख्खं एक धुणं पुरेल एवढं पाणी नसेल तर सुरुवातच करू नका. अर्ध्यावर थांबलेलं धुणं न धुण्याहून वाईट, कारण सुटा झालेला गाळ पुन्हा वाळूतच बसतो.

मग इनलेट बंद करा आणि पाणी वाळूच्या वर १०-१५ सेंटिमीटर उरेपर्यंत बेडमधून उतरू द्या. आउटलेट बंद करा, ड्रेनचा गेट उघडा आणि ब्लोअर चालू करा. हवेचा वेग वाळूच्या प्रत्येक चौरस मीटरला ताशी ४५ ते ५० घनमीटर, वेळ तीन ते पाच मिनिटं. या पाच मिनिटांत कठड्यापाशी उभं राहून नुसतं बघायचं. मोबाइल खिशात. चांगल्या बेडमध्ये सगळा पृष्ठभाग भाताला कढ आल्यासारखा सारखा खदखदतो. एखादा कोपरा शांत असेल तर तिथली नोझल बुजली आहेत. एकाच जागी कारंजं उडत असेल तर तिथलं नोझल तुटलंय किंवा खालचा पाइप फुटलाय. त्या जागी वाळू खाली जात असणार, म्हणून आउटलेटच्या पाण्यात वाळूचे कण शोधा. हवा चालू असताना पाणी ट्रफच्या, म्हणजे धुण्याचं पाणी गटारात नेणाऱ्या वरच्या पन्हळीच्या, काठाखालीच हवं, नाहीतर उसळलेली वाळू सरळ गटारात जाते.

हवा बंद करा, एक मिनिट थांबा, मग पाणी सोडा. हे सावकाश करायचं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला निदान अर्धं ते एक मिनिट घ्यायचं. एकदम उघडला तर पाण्याचा लोंढा खालची खडी उचलतो. खडी एकदा सरकली की ती जागेवर येत नाही, बेड उपसावा लागतो. काका व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून आकडे मोजायचे. मी घाई केली तर म्हणायचे, "अरे बाळा, खालची खडी मोजून मापून अंथरलीय, तिला झोपू दे."

पूर्ण उघडल्यावर ट्रफवरून वाहणाऱ्या पाण्याची दर मिनिटाला एक बाटली भरा आणि ओळीने मांडा. पहिली बाटली चिखलासारखी, तिसरी ताकासारखी, सहावी लिंबू सरबतासारखी. मीटरवर साधारण १० एनटीयू आलं की थांबा. आरशासारखं पाणी येईपर्यंत धूत बसू नका. त्याने पाणी वाया जातं, आणि वाळू इतकी उघडी पडते की पिकायला जास्त वेळ लागतो. बंद करतानाही व्हॉल्व्ह सावकाश फिरवायचा, म्हणजे वाळू तिच्या क्रमाने खाली बसते. मग ड्रेन बंद, इनलेट हळू उघडायचा. पहिलं १०-२० मिनिटांचं गाळलेलं पाणी वाया सोडायची सोय असेल तर सोडा. नसेल तर बेड अर्धा तास तसाच ठेवून कमी प्रवाहावर चालू करा.

वेग किती, आणि तो मोजायचा कसा

आता मुख्य गोष्ट. फक्त पाण्याने धुताना वाळूच्या प्रत्येक चौरस मीटरला मिनिटाला ६०० लिटर पाणी खालून वर यायला हवं. हवा मारून मग पाणी सोडत असाल तर ४०० ते ६०० पुरतं, तुमच्या वाळूच्या कणांच्या जाडीनुसार. हा आकडा डोक्यात धरायची सोपी युक्ती अशी: मिनिटाला ६०० लिटर प्रति चौरस मीटर म्हणजे वाळूवरचं पाणी मिनिटाला ६० सेंटिमीटर वर चढणं. तासाच्या हिशेबात ३६ मीटर. म्हणजे हा वेग मोजायला फ्लोमीटर लागत नाही. एक टेप, खडू आणि सेकंद दाखवणारं घड्याळ पुरतं.

मोजमाप धुण्याच्या शेवटी करा, पाणी स्वच्छ झालेलं असताना आणि वॉशचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना. ट्रफच्या काठावर पाच-दहा सेंटिमीटर सोडून भिंतीवर एक खूण करा, तिच्यावर बरोबर २५ सेंटिमीटरवर दुसरी. या खुणा आधीच, बेड रिकामा असताना रंगवून ठेवल्या तर उत्तम. मग ड्रेनचा गेट बंद करा. आधी मधलं मोठं गटर भरेल, त्याला अर्धा मिनिट लागेल, मग सगळ्या टाकीचं पाणी एकत्र वर चढायला लागेल. पाणी पहिल्या खुणेला लागलं की घड्याळ सुरू, दुसऱ्या खुणेला लागलं की थांबवायचं आणि त्याच क्षणी जोडीदाराने वॉशचा व्हॉल्व्ह बंद करायला घ्यायचा, म्हणजे पाणी कठड्यावरून जाणार नाही. हे काम दोघांचं आहे, एकट्याने करू नका.

हिशेब करताना एक गोष्ट नेहमी राहून जाते. पाणी वर चढतं ते वाळूच्या आणि गटाराच्या मिळून क्षेत्रफळावर, पण येतं ते वाळूतून. आमच्या बेडची वाळू ४० चौरस मीटर, गटर ८, एकूण ४८. म्हणजे भिंतीवर मोजलेला वेग ४८ भागिले ४०, अर्थात १.२ ने गुणायचा. २५ सेंटिमीटर चढायला ३० सेकंद लागले तर भिंतीवर मिनिटाला ५० सेंटिमीटर, आणि वाळूतून ६०. गटर विसरलात तर चांगला बेड उगाच कमकुवत ठरेल.

वेग बरोबर आहे का याची दुसरी साक्ष वाळूच देते. धुताना वाळू फुगायला हवी, म्हणजे कण एकमेकांपासून सुटून पाण्यात तरंगायला आणि एकमेकांवर घासायला हवेत. त्या घासण्यानेच गाळ निघतो. फुगवटा मोजायला एका लांब काठीला खालपासून दर तीन सेंटिमीटरला एक अशा बाटल्यांच्या टोपणांच्या वाट्या तिरक्या रांगेत बसवा, म्हणजे वरची खालच्या वाटीवर सावली धरत नाही. धुण्याआधी काठीचं टोक वाळूवर टेकवून ती कठड्याला बांधा. धुणं झाल्यावर काढून पाहा, सर्वात वरच्या कोणत्या वाटीत वाळू आली. ७० सेंटिमीटर वाळूत १४-१५ सेंटिमीटरपर्यंत वाळू आली तर २० टक्के फुगवटा. फक्त पाण्याने धुणाऱ्या बेडला २० ते ३० टक्के हवा. हवा वापरत असाल तर १५ च्या आसपासही चालतो.

ऋतूप्रमाणे हा फुगवटा बदलतो. आपल्याकडे जानेवारीत पाणी २२ अंशांच्या आसपास असतं, मे महिन्यात ३० पर्यंत जातं. गार पाणी दाट असल्यासारखं वागतं, कणांना सहज उचलतं. गरम पाणी पातळ, त्याची पकड कमी. या ८ अंशांत पाण्याचा चिकटपणा १५-१६ टक्क्यांनी उतरतो. म्हणून थंडीत जो फुगवटा मिनिटाला ५२ सेंटिमीटरला मिळतो, तोच मिळवायला मे महिन्यात ६० लागतात. व्हॉल्व्ह वर्षभर एकाच खुणेवर ठेवणाऱ्या केंद्रात उन्हाळ्यात धुणं कमी पडतं किंवा थंडीत वाळू गटारात जाते. वाळू जाते की नाही हे बघायला दर तीन महिन्यांनी ट्रफच्या काठापासून वाळूपर्यंतचं अंतर ठरलेल्या चार जागी मोजा. ते वाढत चाललं असेल तर वेग जास्त आहे, किंवा हवा चालू असताना पाणी काठावर येतंय.

आमच्या तीन नंबरचं प्रकरण

एका वर्षी श्रावणात आमचा तीन नंबरचा बेड बिघडला. एरवी एकेक बेड ३० तास चालायचा, हा १४ तासांत १.८ मीटरला पोचू लागला. पावसाळा होता, त्यामुळे सगळ्यांनी नदीच्या गढूळपणाला दोष दिला. पण चार नंबरला तेच पाणी जात होतं आणि तो २८ तास चालत होता. इथेच शंका यायला हवी होती, ती आम्हाला तीन आठवडे उशिरा आली.

मधल्या काळात आम्ही जे केलं ते बहुतेक ठिकाणी करतात: धुण्याची वेळ वाढवली. आठ मिनिटांऐवजी चौदा. बाटल्या अगदी स्वच्छ दिसायच्या, तरी बेड पुन्हा १४ तासांत भरायचा. शेवटी काकांनी खडू आणि घड्याळ काढलं. चार नंबरला २५ सेंटिमीटर चढायला ३० सेकंद लागले. तीन नंबरला ५२. म्हणजे भिंतीवर मिनिटाला २८.८ सेंटिमीटर, वाळूतून ३४.६. जिथे ६० हवेत तिथे ३५ सुद्धा नाहीत. वाट्यांची काठी लावली तर चार नंबरला १५ सेंटिमीटरवर वाळू आली, तीन नंबरला फक्त ३ वरच्या पहिल्या वाटीत.

आता हिशेब मांडून बघा. चार नंबर आठ मिनिटं धुतला की ४० गुणिले ०.६ गुणिले ८, म्हणजे १९२ घनमीटर पाणी लागतं. तीन नंबर चौदा मिनिटं धुतला की ४० गुणिले ०.३४६ गुणिले १४, म्हणजे १९४ घनमीटर. पाणी तेवढंच गेलं, वेळ जास्त गेला, आणि बेड घाणच राहिला. कारण ३५ च्या वेगाला वाळू फुगतच नव्हती. पाणी कणांमधल्या वाटांतून नुसतं वर जात होतं, सुटा गाळ घेऊन जात होतं, म्हणून बाटल्या स्वच्छ होत्या. पण कण कणावर घासलाच नाही, त्यामुळे चिकटलेला गाळ जागेवर राहिला. वेळ वाढवून वेगाची उणीव भरून निघत नाही. नवीन माणसाने या लेखातून एकच गोष्ट नेली तर ती ही न्यावी.

शिवाय नुकसान किती ते पाहा. ३० तास चालणारा बेड ताशी ५ मीटरने ६,००० घनमीटर पाणी देतो, त्यातलं १९२ धुण्यात जातं, म्हणजे ३ टक्क्यांच्या थोडं वर. १४ तासांच्या बेडने २,८०० घनमीटर दिलं आणि तेवढंच पाणी धुण्यात घालवलं, म्हणजे जवळपास ७ टक्के. गाळून, पंप करून टाकीत चढवलेलं पाणी.

दोष शोधायला फार वेळ लागला नाही, कारण वॉशची टाकी आणि मेन लाइन दोन्ही बेडना एकच होती, त्यामुळे त्या सुटल्या. उरला तीन नंबरचा वॉश व्हॉल्व्ह. चाक पूर्ण फिरत होतं, वरचा दर्शक काटाही 'उघडा' दाखवत होता. फिटरने खोलला तेव्हा स्पिंडलच्या नटाचे आटे झिजलेले निघाले. चाक फिरायचं, पण गेट अर्ध्याच्या वर उचलायचा नाही. म्हणूनच सांगतो, व्हॉल्व्ह उघडा आहे हे चाकावरून ठरवू नका, चढणाऱ्या पाण्यावरून ठरवा.

नट बदलला, वेग पुन्हा ३० सेकंदांवर आला. तरी पहिल्या धुण्यानंतर बेड फक्त १७ तास चालला. बेड रिकामा करून पाहिला तर भिंतीच्या कडेला वाळू बोटभर सुटलेली होती आणि मधे दोन ठिकाणी पृष्ठभाग खचल्यासारखा खोलगट. मी फावड्याने वरची १५ सेंटिमीटर वाळू बादलीत घेतली आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून पाण्यात हलवून गाळली. चाळणीवर गोळे उरले, वाटाण्यापासून सुपारीएवढे. एक नखाने फोडला: वरून वाळूचं कवच, आत राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ, आणि त्याला साचलेल्या गटाराचा वास. याला मड बॉल म्हणतात. तीन आठवडे न निघालेला गाळ असा लाटला गेला होता. असे गोळे मोठे झाले की जड होतात, धुताना वर न येता खडीपर्यंत बुडतात आणि तिथे कायमची अडचण करून बसतात.

आमच्या सुदैवाने ते अजून वरच होते. बेडवरचं पाणी वाळूच्या थोडं वर ठेवून दोन माणसांनी लांब दांड्याच्या दाताळ्याने वरचा थर उकरला आणि जोराच्या होज पाइपने गोळे फोडले. मग हवा पाच मिनिटं, पाणी पूर्ण वेगाने आठ मिनिटं. हे लागोपाठ तीन दिवस केलं. गोळे खोल गेले असते तर वाळू काढून धुवावी लागली असती.

इथे एक गोष्ट अगदी बजावून सांगतो. माणूस बेडमध्ये असताना वॉशचं पाणी किंवा हवा चुकूनही सुरू होता कामा नये. फुगलेली वाळू दलदलीसारखी असते, उभा माणूस कमरेपर्यंत खाली जातो. आत उतरण्याआधी दोन्ही व्हॉल्व्हना कुलूप आणि ब्लोअरचा फ्यूज काढून खिशात. वर कठड्यावर एक माणूस कायम उभा.

चौथ्या दिवशी तीन नंबरचा धुतल्यानंतरचा हेड लॉस ३८ सेंटिमीटरवर आला, बेड २९ तास चालला. त्या दिवसापासून आमच्या लॉगबुकात एक नवा रकाना आला: 'खडू, सेकंद'. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक बेडसमोर तो आकडा लिहायचा, वॉश टाकी पूर्ण भरलेली असताना, कारण टाकीची पातळी उतरली की वेगही उतरतो आणि मग आकड्यांची तुलना होत नाही. ३० चा ३४ झाला की फिटरला सांगायचं. ४० ची वाट बघायची नाही.